आवाज थांबतो तेव्हा छातीकडे पाहा

पत्र

आमचा मुलगा दोन वर्षं नऊ महिन्यांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो रोज रात्री घोरतो. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी लाळेने भिजलेली. मधेच घोरणं एकदम थांबतं. पोट आणि छाती हलत असते पण आवाज नसतो, मग आचका देऊन मोठा श्वास घेतो आणि कूस बदलतो. मी मोजलं, सहा-सात सेकंद. नेटवर लिहिलंय, दहा सेकंदांच्या वर थांबला तरच काळजीचं. सासूबाई म्हणतात गाढ झोपतो, आजोबांवर गेलाय. दिवसा झोपाळू अजिबात नाही, नुसता धावत असतो, पण चिडचिड फार. दीड वर्षाचा असताना वजन १०.४ किलो होतं, आता ११.३ आहे. डॉक्टरांनी एक्स-रे काढून अ‍ॅडिनॉइड वाढलंय, मोठा झाला की आपोआप जाईल, असं सांगितलं. नणंद म्हणते लगेच ऑपरेशन करा. यजमान म्हणतात टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते. मी रात्र रात्र त्याच्याजवळ जागी बसते. काय करू?

— एक आई, नाशिक जिल्हा

उत्तर

ते दहा सेकंद मोठ्या माणसांसाठीचे आहेत. प्रौढांच्या झोपेच्या तपासणीत श्वास दहा सेकंद अडला की तो मोजतात. लहान मुलांचा हिशेब वेगळा असतो. त्या मुलाच्या नेहमीच्या लयीत दोन श्वास झाले असते एवढा वेळ हवा आत गेली नाही, तर ती एक अडवणूक धरतात. या वयाचं मूल झोपेत मिनिटाला साधारण वीस ते पंचवीस श्वास घेतं, म्हणजे दोन श्वासांना पाच-सहा सेकंद पुरतात. तुमचे सहा-सात सेकंद त्यात बसतात. हा फरक उगीच केलेला नाही. लहान मुलाच्या छातीत प्राणवायूची शिल्लक कमी असते आणि शरीर तो खर्च करतं झपाट्याने, त्यामुळे थोड्याशा अडवणुकीनेही रक्तातलं प्रमाण उतरतं.

पण तुमच्या पत्रात या आकड्यापेक्षा मोलाचं एक निरीक्षण आहे, आणि ते तुम्ही सहज लिहून गेलात. आवाज बंद असतानाही छाती आणि पोट हलत होतं. डॉक्टरांना सांगताना हे वाक्य विसरू नका.

झोपेत श्वास दोन वेगळ्या कारणांनी थांबतो. एका प्रकारात मेंदूच क्षणभर श्वासाचा हुकूम देत नाही. तेव्हा सगळंच शांत असतं, छाती हलत नाही, पोट हलत नाही. मूल एक मोठा उसासा टाकतं, काही सेकंद थांबतं आणि पुन्हा लयीत श्वास घेऊ लागतं. निरोगी मुलांतही असं अधूनमधून होतं आणि एरवी सगळं ठीक असेल तर त्याची काळजी नसते. दुसऱ्या प्रकारात हुकूम येतो, स्नायू जोर लावतात, पण वाट बंद असते. पोट वर येतं तेव्हा छाती आत ओढली जाते, गळ्याच्या खालचा खळगा खोल जातो, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाते. शेवटी मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, घशाचे स्नायू ताठ होतात, वाट उघडते आणि तो आचका ऐकू येतो. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारचं आहे.

म्हणून घोरणं किती मोठं, यावरून फार काही ठरवू नका. काही मुलं भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढं घोरतात आणि त्यांची छाती शांत असते. काही जेमतेम घुरघुरतात, पण प्रत्येक श्वासाला बरगड्या मोजता येतात. माझी काळजी या जेमतेम घुरघुरणाऱ्या मुलांबद्दल जास्त असते.

वाट अडते कुठे? नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर, अ‍ॅडिनॉइड नावाची गाठीसारखी पेशींची गादी असते. ती तोंड उघडून दिसत नाही. घशाच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल मात्र दिसतात. दोन ते आठ या वयात या दोन्ही गोष्टी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात, आणि हा त्रासही याच वयात सर्वाधिक दिसतो. जागेपणी घशाचे स्नायू वाट ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात. उसाचा रस भिजलेल्या कागदी नळीने जोरात ओढला की नळीच्या भिंती आत चिकटतात आणि जितकं ओढावं तितकी ती मिटत जाते. तुमच्या मुलाच्या घशात तेच होतं. मान मागे टाकून झोपण्याचं कारणही हेच, तशा स्थितीत वाट थोडी सरळ आणि रुंद होते. काही मुलं गुडघे पोटाशी घेऊन उपडी झोपतात, काही बसल्या बसल्या. ही खोड समजून रात्री त्यांना सरळ करत बसू नका, त्यांनी स्वतःपुरता उपाय शोधलेला असतो.

सासूबाईंचं म्हणणं वाईट हेतूने आलेलं नाही. घरात दोन पिढ्या घोरणारी माणसं पाहिली की घोरणं म्हणजे गाढ झोप असं वाटतंच. पण रात्रीतून अनेकदा अर्धवट जागं होणाऱ्या मुलाची झोप गाढ कशी असेल? ते पूर्ण जागं होत नाही म्हणून सकाळी कुणाला काही कळत नाही, इतकंच. आजोबांवर गेलाय हे मात्र खरंही असू शकतं, कारण जबड्याची आणि टाळूची ठेवण घराण्यात चालते. ते खरं असेल तर मूल तपासायला एक कारण वाढलं.

दिवसा तो झोपाळू नाही यावरही विसंबू नका. झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो. याच स्थितीतली लहान मुलं बहुतेकदा चेकाळतात, हट्टी होतात, एका जागी टिकत नाहीत, संध्याकाळी कारण नसताना रडारड करतात. पण पावणेतीन वर्षांचं मूल तसंही हट्टी असतंच, त्यामुळे प्रत्येक आकांडतांडवाचं खापर अ‍ॅडिनॉइडवर फोडता येणार नाही. झोप सुधारल्यावर चिडचिड कमी झालेली मी बऱ्याच मुलांत पाहिली आहे, आणि तसूभरही फरक न पडलेली मुलंही पाहिली आहेत.

माझं लक्ष वजनावर जास्त आहे. या वयात मूल वर्षाला साधारण दोन किलोने वाढतं. तुमच्या मुलाला पंधरा महिन्यांत अडीच किलोच्या आसपास वाढायला हवं होतं, तो ०.९ किलो वाढला. नुसतं ११.३ हा आकडा पाहिला तर कुणी म्हणेल, बारीक आहे, पण चालेल. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वाढीच्या तक्त्यात दीड वर्षाचा आणि आताचा असे दोन बिंदू टाकून रेघ ओढा. आधी तो मधल्या रेघेच्या किंचित खाली होता, आता खालच्या रेघेकडे सरकलाय. रात्रभर श्वासासाठी कष्ट करण्यात ऊर्जा जाते, झोप मोडली की वाढीच्या संप्रेरकाची लय बिघडते, आणि टॉन्सिल मोठे असतील तर घास गिळायला वेळ लागतो. पोळीचा तुकडा गालात धरून बसणारं मूल कधी कधी लाडावलेलं नसतं, त्याला खरंच गिळता येत नसतं. वजन न वाढायला इतरही कारणं असतात, आहार, रक्तक्षय, वारंवार आजारपण. ती डॉक्टरांना तपासू द्या. पण घोरणं, अडणारा श्वास आणि थबकलेलं वजन एकत्र आलं की “मोठा झाला की जाईल” एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही. अ‍ॅडिनॉइड सात-आठ वर्षांनंतर आकसतं हे खरंच आहे. पण सात-आठ वर्षांपर्यंत वाढ थांबवून ठेवता येत नाही.

आता रात्र रात्र जागण्याबद्दल. ते थांबवा. एरवी निरोगी असलेल्या मुलात हा आजार सहसा एका रात्रीत घात करत नाही. तो आचका म्हणजेच मेंदूने वेळेवर केलेली सुटका आहे. नुकसान होतं ते महिन्यामहिन्यांनी, हळूहळू. त्यामुळे पहारा देऊन उपयोग नाही, पुरावा गोळा करून आहे.

पुरावा म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ. तो कधी काढावा, हे फार थोड्यांना कोणी सांगतं. स्वप्नांच्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात, आणि अशी झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त असते. मुलांत श्वास अडण्याचे प्रसंग तेव्हाच वाढतात. रात्री दहाला झोपल्यावर काढलेल्या व्हिडिओत काहीच दिसलं नाही, म्हणून निर्धास्त झालेले आईवडील मला नेहमी भेटतात. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यानचा गजर लावा, दोन-तीन रात्री पुरेत. बाकीच्या रात्री झोपा.

सर्दी-खोकला नसलेली रात्र निवडा, कारण सर्दीत बहुतेक मुलं घोरतात. खोलीत मंद दिवा हवा. सदरा वर करून गळ्यापासून बेंबीपर्यंतचा भाग उघडा ठेवा आणि चेहरा व छाती दोन्ही एका चौकटीत येतील अशा अंतरावरून दोन ते तीन मिनिटं सलग चित्रण करा. आवाज नीट यावा म्हणून तेवढ्यापुरता पंखा बंद करा. नुसत्या चेहऱ्याचा व्हिडिओ आम्हाला अर्धाच उपयोगी पडतो. सोबत वहीत थोडं लिहून ठेवा: आठवड्यातून किती रात्री घोरतो (तीन किंवा जास्त रात्री असेल तर ते नेहमीचं घोरणं धरलं जातं), कपडे घामाने भिजतात का, सकाळी उठल्यावर तोंड कोरडं असतं का, जागेपणीही तोंड उघडंच असतं का.

ही शिदोरी घेऊन येत्या दोन-तीन आठवड्यांत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. खासगीत जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग असतो. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडूनही चिठ्ठी मिळू शकते. एक्स-रे बरोबर न्या, पण त्याचं फार ओझं बाळगू नका. तो जागेपणीचा, एका क्षणाचा असतो, आणि मूल रडत असेल तर चित्र बदलतं. गाठ किती मोठी दिसते आणि झोपेत श्वास किती अडतो यांचं नातं वाटतं तेवढं घट्ट नाही.

तिथे एक गोष्ट आवर्जून विचारा: कान. अ‍ॅडिनॉइडच्या शेजारीच कानाकडे जाणारी नळी उघडते. ती बंद राहिली की पडद्यामागे पाणी साचतं, दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. हाक मारल्यावर न वळणारं, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणारं, शब्द अस्पष्ट बोलणारं मूल ‘ऐकत नाही’ म्हणून ओरडा खातं. कानाची तपासणी काही मिनिटांची आहे आणि तिचा निकाल पुढच्या निर्णयावर परिणाम करतो.

झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करायलाच हवी का? रात्रभर रुग्णालयात डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून ती होते आणि नेमकं उत्तर तीच देते. लहान मुलांत तासाला एकापेक्षा जास्त वेळा श्वास अडला तर ते सामान्य नाही, दहाच्या वर गेलं तर तीव्र. पण लहान मुलांची ही तपासणी करणारी केंद्रं मोठ्या शहरांतच आहेत, आणि पावणेतीन वर्षांच्या मुलाला तारा लावून झोपवणं हा वेगळाच पराक्रम आहे. दोन वर्षांखालचं मूल, डाऊन सिंड्रोम, स्नायूंचा किंवा जबड्याच्या ठेवणीचा आजार, सिकलसेल, किंवा लठ्ठपणा असेल तर ऑपरेशनआधी ती करून घ्यावी. तुमच्या मुलासारख्या बाबतीत व्हिडिओ, टॉन्सिलची तपासणी आणि वजनाची रेघ एकच गोष्ट सांगत असतील तर बरेच तज्ज्ञ तिच्याशिवाय पुढे जातात. तक्रार मोठी पण घसा मोकळा, असं जुळेना झालं तर मात्र नाशिकहून मुंबई-पुण्याची फेरी करावीच. काही ठिकाणी बोटाला ऑक्सिमीटर लावून घरी रात्रभर नोंद घेतात. त्यात प्राणवायू वारंवार उतरलेला दिसला तर ते महत्त्वाचं, पण नोंद चांगली आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही, कारण काही मुलं प्राणवायू उतरायच्या आतच जागी होतात.

नणंदबाईंचं ‘लगेच’ आणि डॉक्टरांचं ‘आपोआप’ यांच्या मधे एक पायरी आहे. नाक मोकळं करून पाहण्याची. ऑस्ट्रेलियात तीन ते बारा वर्षांच्या घोरणाऱ्या मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. सहा आठवडे अर्ध्या मुलांना नाकात स्टेरॉइडचा फवारा दिला, अर्ध्यांना साधं मिठाचं पाणी. दोन्ही गटांत दहातल्या जवळपास चार मुलांच्या तक्रारी गेल्या. म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं साधं सलाइनही करून पाहण्यासारखं आहे. रोज, न चुकता, सहा आठवडे. सर्दी झाली की चार दिवस आणि मग विसरलो, असं नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा लिहून दिला तर नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरा, नाहीतर नाकातून रक्त येतं आणि लोक औषध सोडतात. नाक चोंदलं की टाकतात ते बंद नाक उघडणारे थेंब मात्र या कामाचे नाहीत. सलग काही दिवस टाकले की नाक उलट जास्त चोंदतं. काही ठिकाणी मॉन्टेलुकास्टही देतात. त्याने काही मुलांत दुःस्वप्नं आणि वागण्यात बदल दिसतात, तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

घरात करायच्या गोष्टीही आहेत. तो झोपतो त्या खोलीत डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, विडी-सिगारेट नको. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत असेल तर त्याचं अंथरूण तिच्यापासून हलवा. नाकात तूप किंवा तेल सोडणं बंद करा. मला माहीत आहे हे सांगताना घरात वाद होतो, पण लहान मुलाच्या नाकातून तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरू शकतं आणि त्याने होणारा न्यूमोनिया हट्टी असतो. झोप यावी म्हणून खोकल्याचं गुंगीचं औषध नको. तोंडाला पट्टी लावून नाकाने श्वास घ्यायला शिकवण्याचे व्हिडिओ सध्या फिरतात. नाक बंद असलेल्या मुलाचं तोंड हीच उरलेली एकमेव वाट आहे. ती कुणीही बंद करू नये.

सहा आठवड्यांनंतर, पुन्हा सर्दी नसलेल्या पहाटे, व्हिडिओ काढा आणि त्याच वजनकाट्यावर वजन करा. बरगड्या ओढणं थांबलं, वजन हललं, तर थांबता येईल, तीन-तीन महिन्यांनी पाहत. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑपरेशन न करता सात महिने थांबलेल्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य झाली होती, ऑपरेशन झालेल्यांत ७९ टक्के. थांबणं हा वेडेपणा नाही हे त्यातून दिसतं. पण ती मुलं तुमच्या मुलापेक्षा मोठी होती आणि त्यांच्यात फार गंभीर त्रासाची मुलं घेतली नव्हती. सहा आठवड्यांनी तुमच्या मुलात फरक नसेल तर माझा कौल ऑपरेशनकडे झुकतो. आणि तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत टॉन्सिल एकमेकांना टेकलेले दिसले, तर सहा आठवडेही थांबू नका असं ते म्हणतील. तेव्हा त्यांचं ऐका.

यजमानांच्या शंकेला उत्तर हवं. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड हे रोगप्रतिकारक यंत्रणेचे दोन छोटे तुकडे आहेत. मानेतल्या गाठी, प्लीहा, आतड्यांतल्या पेशी, अस्थिमज्जा हे सगळं जागेवर राहतं. ऑपरेशननंतर मूल सतत आजारी पडू लागतं, असा अनुभव नाही. आता बऱ्याच ठिकाणी टॉन्सिल पूर्ण न काढता वाढलेला भागच काढतात. त्यात दुखणं आणि रक्तस्राव कमी, मात्र उरलेला भाग पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता. सर्जनला विचारा की ते कोणती पद्धत वापरतात आणि का. टाळू नीट तपासली का, हेही विचारा. पडजीभ दुभंगलेली असेल किंवा कातडीखाली टाळूत फट असेल तर अ‍ॅडिनॉइड काढल्यावर बोलणं गेंगाणं होऊ शकतं.

खरी जोखीम वेगळीकडे आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना भुलीनंतर श्वासाचा त्रास होण्याची शक्यता मोठ्या मुलांपेक्षा जास्त असते. त्यामुळे ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. एक रात्र ऑक्सिमीटर लावून देखरेखीखाली ठेवणारं, लहान मुलांना नेहमी भूल देणारे डॉक्टर असलेलं ठिकाण निवडा. गाव जवळ आहे की लांब, हा विचार इथे दुय्यम. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, याची चौकशी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा.

घरी आल्यावर आठवडा-दीड आठवडा घसा दुखतो, कधी कान दुखतो, तोंडाला वास येतो. घशात पांढरा थर दिसतो, तो पू नसून खपली असते. वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल पहिले दिवस वेळेवर द्या, दुखायची वाट पाहू नका, आणि बाटलीवरची ताकद दोनदा वाचा, कारण एकाच नावाची सिरपं दोन-तीन ताकदीत मिळतात. कोडीन असलेलं काहीही, खोकल्याचं औषधसुद्धा, नको. ज्यांचा श्वास झोपेत अडत आला आहे त्या मुलांत ते जिवावर बेतू शकतं. खाण्यात मऊ भात, थंड दूध, जे जाईल ते. न जेवला तर चालेल, पाणी पोटात गेलंच पाहिजे. रक्तस्रावाचा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, खपली सुटताना. त्या काळात लांबच्या लग्नाला किंवा यात्रेला जाऊ नका. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं, किंवा झोपेत सारखा गिळत राहिला, की घरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

ऑपरेशन होवो न होवो, एक यादी फ्रिजवर लावून ठेवा: ओठ निळसर पडणं, जागेपणीही छाती ओढली जाणं किंवा श्वास घेताना घर्र आवाज येणं, हलवूनही नीट जाग न येणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी दोन गोष्टी. ज्यांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे त्यांनी घोरण्याची वाटच पाहू नये. या मुलांत श्वास अडणं खूप आढळतं आणि आईवडिलांना ते बऱ्याचदा कळत नाही, म्हणून वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत एकदा स्लीप स्टडी करून घ्यावी. आणि एक वर्षाखालच्या बाळाला इथलं काहीच लागू करू नका. तान्ह्या बाळाच्या घरघरीची कारणं वेगळी असतात, ती वेगळी तपासावी लागतात.

ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, पुन्हा एकदा पहाटेचा व्हिडिओ काढा. बहुतेक मुलांत छाती शांत झालेली दिसते. तरीही आठवड्यातून तीन रात्री घोरत असेल, तर ‘ऑपरेशन झालंय ना’ म्हणून सोडून देऊ नका, तेव्हा मात्र स्लीप स्टडी टाळू नये. आणि वजन दर महिन्याला त्याच काट्यावर, सकाळी, कपडे काढून.